दहावर रेषा ओढायची की अकरावर?

बाळंतपणाला सहा आठवडे झालेली एक बाई बाळाला लस द्यायला आरोग्य केंद्रात येते. रांगेत बसलेली असताना तिच्याकडून दहा प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण ३०. तिला १० पडतात. आता तिला समुपदेशकाकडे पाठवायचं, की बाळाला लस देऊन घरी जाऊ द्यायचं? कटऑफ म्हणजे या प्रश्नाचं आधीच ठरवून ठेवलेलं उत्तर.

ही प्रश्नावली खरी आहे: एडिंबरा पोस्टनेटल डिप्रेशन स्केल, म्हणजे ईपीडीएस. कॉक्स, होल्डन आणि सागोव्स्की यांनी ती १९८७ साली प्रसिद्ध केली. बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरण्यासाठी जगभर ती वापरतात, आणि तिचा कटऑफ मात्र देशागणिक, भाषेगणिक वेगळा सापडतो. त्यामुळे कटऑफ कसा ठरतो हे शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करू. ईपीडीएस निदान करत नाही. ती चाळणी आहे. चाळणीतून बाहेर काढलेल्या बाईशी कुणीतरी प्रशिक्षित माणूस बसून नीट बोलतो, लक्षणं विचारतो आणि मग ठरतं की तिला नैराश्य आहे का. म्हणून ‘१३ गुण म्हणजे डिप्रेशन’ असं वाक्य प्रबंधात दिसलं की मी तिथेच थांबते. १३ गुणांचा अर्थ एवढाच की हिच्याशी बोललं पाहिजे.

कटऑफ शोधायचा तर आपल्याला दोन माहित्या एकाच बाईबद्दल हव्यात: तिचे गुण आणि तिचं खरं निदान. निदान रचनाबद्ध मुलाखतीतून येतं, आणि मुलाखत घेणाऱ्याला तिचे गुण माहीत नसावे लागतात. माहीत असतील तर २० गुणवाल्या बाईच्या उसाशातही त्याला नैराश्य दिसेल.

आता एक काल्पनिक अभ्यास घेऊ. आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून रचले आहेत. २०० बायकांनी ईपीडीएस भरली आणि त्या सगळ्यांची मुलाखत झाली. मुलाखतीत ४० जणींना नैराश्य निघालं, १६० जणींना नाही. वेगवेगळ्या ठिकाणी रेषा ओढली तर काय होतं ते असं:

| रेषा | नैराश्य असलेल्या ४० पैकी सापडल्या | नैराश्य नसलेल्या १६० पैकी उगाच अडकल्या | संवेदनशीलता | विशिष्टता |
|---|---|---|---|---|
| १० किंवा जास्त | ३६ | ३२ | ९०% | ८०% |
| ११ किंवा जास्त | ३४ | २० | ८५% | ८७.५% |
| १२ किंवा जास्त | ३१ | १२ | ७७.५% | ९२.५% |
| १३ किंवा जास्त | २७ | ८ | ६७.५% | ९५% |

संवेदनशीलता, म्हणजे सेन्सिटिव्हिटी, फक्त आजारी असलेल्यांकडे बघते. ४० जणींना नैराश्य होतं, त्यातल्या किती जणी रेषेच्या वर आल्या? दहाची रेषा असेल तर ३६, म्हणून ९०%. विशिष्टता, म्हणजे स्पेसिफिसिटी, फक्त आजार नसलेल्यांकडे बघते. १६० जणींना नैराश्य नव्हतं, त्यातल्या किती जणी रेषेच्या खाली राहिल्या? दहाच्या रेषेला १२८, म्हणून ८०%. परीक्षेत हे दोन शब्द उलटसुलट होतात, कारण विद्यार्थी सूत्र पाठ करतात. सूत्र सोडा आणि स्वतःला एवढंच विचारा की मी आत्ता कोणत्या गटातल्या बायका मोजतेय. छेदात नेहमी मुलाखतीने ठरवलेला गट असतो, प्रश्नावलीने ठरवलेला नाही.

तक्ता वरून खाली वाचला की संवेदनशीलता उतरते आणि विशिष्टता चढते. हे दरवेळी असंच होणार, कारण दोन्ही गटांचे गुण एकमेकांत मिसळलेले असतात. नैराश्य नसलेल्या बाईलाही झोप पुरत नाही, बाळ रडलं की तिलाही रडू येतं, तिलाही ११ पडू शकतात. आणि खरोखर खचलेली एखादी बाई ‘बरं आहे सगळं’ म्हणत ९ वर थांबते. दोन्ही गटांना स्वच्छ वेगळं करणारा आकडा या प्रश्नावलीत नाहीच. म्हणून कटऑफ ‘सापडत’ नाही, तो निवडावा लागतो.

ही निवड नेमकी कशाची असते, हे मला फार उशिरा उमगलं आणि कुणी शिकवलं असतं तर बरं झालं असतं असं वाटतं. तक्त्याच्या पहिल्या दोन ओळींची वजाबाकी करा. रेषा अकरावरून दहावर आणली तर नैराश्य असलेल्या आणखी २ जणी सापडतात आणि नसलेल्या आणखी १२ जणी अडकतात. या १४ जणी कोण? ज्यांना बरोबर १० गुण पडले त्या. दहा आणि अकरा यांतला वाद म्हणजे या १४ बायकांना आत बोलवायचं की नाही एवढाच वाद आहे. बाकीच्या १८६ जणींचं काहीच बदलत नाही. तसंच बाराची रेषा अकरावर आणली तर ३ सापडतात, ८ अडकतात. तेराची बारावर आणली तर ४ सापडतात, ४ अडकतात. एकेक गुण खाली उतरताना नव्याने सापडणारी प्रत्येक आई अधिकाधिक जादा मुलाखती मागते: आधी १, मग साधारण ३, मग ६.

आता तुमच्या पुस्तकात युडेनचा निर्देशांक असेल. युडेन यांनी १९५० साली मांडलेली कल्पना साधी आहे: संवेदनशीलता आणि विशिष्टता यांची बेरीज करा, त्यातून १ वजा करा आणि जिथे उत्तर सर्वात मोठं येईल तो कटऑफ घ्या. आपल्या तक्त्यात दहाला ०.७०, अकराला ०.७२५, बाराला पुन्हा ०.७० आणि तेराला ०.६२५ येतो. म्हणजे अकरा जिंकला. बहुतेक प्रबंध इथे संपतात.

पण युडेनने काय गृहीत धरलं ते बघा. त्याच्या लेखी सुटलेल्या आजारी लोकांचा एक टक्का आणि उगाच अडकलेल्या निरोगी लोकांचा एक टक्का सारख्याच तोलाचे आहेत. शिवाय आजारी किती आणि निरोगी किती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बाळंतपणानंतरच्या नैराश्यात या दोन चुका सारख्या नाहीत. उगाच अडकलेल्या बाईचा पाऊण तास जातो, तिला थोडी धास्ती वाटते, घरचे विचारतात ‘तुला कशाला बोलावलं?’ सुटलेली बाई महिनोन् महिने एकटीच सोसत राहते आणि त्याचा परिणाम बाळावरही होतो. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी तराजू उलटा झुकेल. चाळणीनंतर लगेच औषध सुरू होणार असेल, किंवा माणसावर कायमचा शिक्का बसणार असेल, तर उगाच अडकणं महाग पडतं. युडेनचा आकडा यातलं काहीच पाहत नाही. तो बघायला ठीक आहे, पण त्याच्यावर निर्णय सोडून देणं मला मान्य नाही.

दुसरी गोष्ट, आपल्या २०० जणींत ४० म्हणजे २०% बायकांना नैराश्य होतं. समजा तुमच्या आरोग्य केंद्रात वर्षाला १००० बाळंतिणी येतात आणि त्यांच्यात नैराश्याचं प्रमाण १०% आहे, म्हणजे १०० जणी. संवेदनशीलता आणि विशिष्टता तीच राहतील असं धरू. दहाची रेषा ठेवली तर १०० पैकी ९० सापडतील. पण उरलेल्या ९०० पैकी २०%, म्हणजे १८० जणी उगाच अडकतील. आत बोलावलेल्या एकूण २७०, त्यातल्या ९० जणींना खरंच नैराश्य. तीनातली एक. आपल्या २०० जणींत त्याच रेषेवर ६८ पैकी ३६, म्हणजे निम्म्याहून जास्त खऱ्या होत्या. प्रश्नावली तीच, रेषा तीच, पण ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचं वजन घटलं, कारण आजारच कमी होता. या प्रमाणाला धनात्मक भाकीत मूल्य म्हणतात. दुसऱ्याच्या शोधनिबंधातून ते उचलून आपल्याकडे वापरता येत नाही. ते दर ठिकाणी नव्याने काढावं लागतं.

याच हजार जणींवर बाकीच्या रेषाही लावू, आकडे पूर्ण करून. अकराला ८५ खऱ्या आणि ११३ उगाच, मिळून १९८ मुलाखती. बाराला ७८ आणि ६८, मिळून १४६. तेराला ६८ आणि ४५, मिळून ११३. आता पुन्हा वजाबाकी करा. अकरावरून दहावर उतरलं तर ५ आया जास्त सापडतात आणि आणखी ६७ जणी उगाच अडकतात, म्हणजे एकीमागे तेराहून जास्त. आपल्या २०० जणींत हेच प्रमाण सहा होतं. आजार विरळ झाला की शेवटचा गुण असा महाग होतो.

मग निवडायचं कसं? आधी विचारा, बोलावलेल्या बाईशी बोलणार कोण? समजा समुपदेशक आठवड्यातून एक दिवस येते आणि त्या दिवशी पाच तास मुलाखती घेऊ शकते. वर्षाचे ५० दिवस धरले तर २५० तास. एका मुलाखतीला ४५ मिनिटं लागतात. दहाच्या रेषेच्या २७० मुलाखतींना सुमारे २०३ तास लागतील. बसतात. इथे मी दहाचीच रेषा घेईन, कारण वेळ आहे आणि सुटलेली आई ही जास्त मोठी चूक आहे. तीच समुपदेशक पंधरवड्यातून एकदाच येत असेल तर हाती १२५ तास उरतात. अकराच्या १९८ मुलाखतींना जवळजवळ १४९ तास लागतात, म्हणजे रांग लागणार, आणि बाळंतिणीला ‘दोन महिन्यांनी या’ सांगणं म्हणजे न बोलावण्यासारखंच. बाराच्या १४६ मुलाखतींना ११० तास लागतात. तिथे मी बाराची रेषा घेईन आणि अहवालात स्वच्छ लिहीन की यात १०० पैकी २२ जणी सुटतील, आणि हे मनुष्यबळ अपुरं असल्यामुळे होतंय. दोन्ही ठिकाणी युडेनचा अकरा निवडला गेला नाही, हे लक्षात आलं असेल.

पुढे बोलणारं कुणीच नसेल तर रेषा कुठे ओढायची हा प्रश्न गैरलागू आहे. तिथे चाळणी लावूच नये.

प्रत्यक्षातले आकडेही अशीच घसरण दाखवतात. १९८७ च्या मूळ अभ्यासात ८४ आया होत्या आणि १३ किंवा जास्त या रेषेला संवेदनशीलता ८६%, विशिष्टता ७८% आली होती. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका मोठ्या विश्लेषणात ५८ अभ्यासांतल्या १५,५५७ जणींची मूळ माहिती एकत्र केली गेली. तिथे तेराच्या रेषेची संवेदनशीलता ६६% भरली, विशिष्टता ९५%. दोन्हींची बेरीज सर्वात जास्त येत होती ती अकराला: ८१% आणि ८८%. दहाला ८५% आणि ८४%. म्हणजे ज्या तेराच्या भरवशावर अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं काम चाललं, तिथे तीनातली एक आई सुटत होती.

लहान अभ्यासांवर इतकं विसंबू नये याचं कारण आपल्याच तक्त्यात आहे. ४० पैकी ३४ म्हणजे ८५% हे ऐकायला ठाम वाटतं, पण त्याची ९५% विश्वास-मर्यादा, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा, साधारण ७१% पासून ९३% पर्यंत पसरते. एका बाईने एका प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं की टक्केवारी अडीचने हलते. दहा, अकरा आणि बारा यांचे युडेन ०.७०, ०.७२५, ०.७० असे आले, तेव्हा अकरा जिंकणं हा निव्वळ योगायोग असू शकतो. नमुना बदलला तर दहा किंवा बारा जिंकेल. त्यात त्याच माहितीतून सर्वोत्तम कटऑफ निवडायचा आणि त्याच माहितीवर त्याची संवेदनशीलता मोजायची, म्हणजे आकडा खऱ्यापेक्षा चांगलाच दिसणार. आधी रेषा ठरवून नव्या बायकांवर ती तपासली तरच ते मोजमाप खरं. ते जमत नसेल तर निदान विश्वास-मर्यादा द्या आणि सगळ्या कटऑफचा तक्ता द्या, फक्त जिंकलेल्या एकाचा नको.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत दोन चुका मला पुन्हा पुन्हा भेटतात. पहिली अशी की वेळ वाचवायला फक्त ९ च्या वर गुण पडलेल्यांचीच मुलाखत घेतली जाते. मग ९ किंवा त्याहून कमी गुण असलेल्या आजारी बायका कधी मोजल्याच जात नाहीत. आपल्या उदाहरणात तशा ४ आहेत. त्या गळाल्या की छेद ४० ऐवजी ३६ होतो आणि दहाच्या रेषेची संवेदनशीलता १००% दिसते. इतका सुंदर आकडा आला की आनंद होण्याआधी विचारा, खालच्यांची मुलाखत झाली होती का? सगळ्यांची शक्य नसेल तर खालच्यांतून चिठ्ठ्या टाकून काही जणी निवडा, त्यांची मुलाखत घ्या आणि हिशेबात त्यांना तेवढं वजन द्या.

दुसरी चूक: नैराश्याच्या बायका मनोविकार विभागातून घ्यायच्या आणि ‘निरोगी’ म्हणून मैत्रिणी किंवा वर्गातल्या मुली घ्यायच्या. एक गट खूप आजारी, दुसरा खूप ठणठणीत. मधल्या, ज्यांच्याबद्दल खरंच प्रश्न पडतो, त्या बायकाच अभ्यासात नाहीत. अशा अभ्यासात कुठलीही प्रश्नावली उजळून निघते. लसीकरणाच्या रांगेत ती वापरायची असेल तर अभ्यासही त्याच रांगेतल्या बायकांवर व्हायला हवा.

लिहिण्याबद्दल थोडं. ‘कटऑफ १२’ असं लिहू नका. त्यात १२ गुणवाली आत की बाहेर, ते कळत नाही. शोधनिबंधांत ‘१२/१३’ असं दिसलं तर त्याचा अर्थ १२ पर्यंत खाली, १३ पासून वर. ‘१३ किंवा जास्त’ हे सर्वात सुरक्षित. एसपीएसएस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर आरओसी वक्राच्या, म्हणजे सगळ्या रेषांची संवेदनशीलता आणि विशिष्टता मांडणाऱ्या आलेखाच्या, तक्त्यात १०.५ असे अर्धे आकडे देतं, कारण ते शेजारच्या दोन गुणांची सरासरी घेतं. ईपीडीएसवर साडेदहा गुण कुणालाच पडत नाहीत, १०.५ म्हणजे ११ किंवा जास्त. आणि रेषेच्या वरच्यांची टक्केवारी म्हणजे आजाराचं प्रमाण नव्हे. आपल्या हजार जणींत दहाच्या रेषेवर २७% पॉझिटिव्ह निघाल्या, तेव्हा नैराश्य होतं १०%.

भाषेचं तर विचारूच नका. ईपीडीएसच्या सहाव्या प्रश्नात एक इंग्रजी वाक्प्रचार आहे. त्याचं शब्दशः मराठी केलं तर ‘गोष्टी माझ्या डोक्यावर चढत आहेत’ असं काहीतरी होतं आणि बाई गोंधळून मधलाच पर्याय निवडते. ‘सगळं अंगावर येतंय, झेपत नाही’ म्हटलं तर ती मान डोलावते. एका प्रश्नात असा एक गुण इकडेतिकडे झाला की दहावर असलेली अकरावर जाते. शिवाय प्रश्न वाचून दाखवले आणि शेजारी सासू बसली असेल, तर गुण खाली येतात. म्हणून कटऑफ हा नुसता प्रश्नावलीचा नसतो. तो त्या भाषांतराचा, त्या पद्धतीचा आणि त्या जागेचाही असतो. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ ऐवजी १२ किंवा जास्त ही रेषा वापरली गेली. तुम्ही मराठीत काम करणार असाल तर इंग्रजीतला तेरा उचलण्याआधी तुमच्या भाषांतरावर, तुमच्यासारख्याच बायकांवर कुणी मुलाखतींसकट तपासणी केली आहे का ते शोधा.

एक जागा अशी आहे जिथे यातला कुठलाच हिशेब लागू होत नाही. ईपीडीएसचा दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. एखादीचे एकूण गुण ४ असतील, पण तिने या प्रश्नाला ‘कधीच नाही’ सोडून दुसरं काहीही निवडलं असेल, तर ती रेषेच्या खाली आहे म्हणून घरी जात नाही. तिच्याशी त्याच दिवशी, ती केंद्रातून बाहेर पडण्याआधी, बोलायचं. म्हणून प्रश्नावली जमा करून घेताना बेरीज करण्याआधी शेवटचं पान उलटून दहाव्या प्रश्नाचं उत्तर बघायचं.